बस सुटण्यापूर्वीची पाच मिनिटे

हिवाळ्यातील शनिवारची पहाट. पुण्यात डेक्कनजवळच्या एका गल्लीत पंचेचाळीस आसनांची बस उभी आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांच्या एका मंडळाची तीन दिवसांची सहल निघायची आहे. शनिवारी छत्रपती संभाजीनगर, रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ आणि परत, असा बेत. मंडळी जमली आहेत, सामान डिकीत गेले आहे, थर्मासमधील चहाही फिरला आहे. पावणेसहा वाजून गेल्यावर संयोजिका बसमध्ये चढतात, चालकाला इंजिन बंद ठेवण्याची विनंती करतात आणि पहिल्या आसनाच्या दांड्याला धरून प्रवाशांकडे तोंड करून उभ्या राहतात. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी अशा सहली बरीच वर्षे नेल्या आहेत. हातात चार ओळींचे टिपण आहे. माईक मात्र नाही. पहाटेच्या शांत गल्लीत माईक लावला तर सहल सुरू होण्यापूर्वीच शेजारपाजारच्यांची झोपमोड होते, हे त्यामागचे साधे कारण.

सहलीच्या आरंभी संयोजकाने दोन शब्द बोलावेत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण या ‘दोन शब्दां’चे पुष्कळदा मातेरे होते. कुठे स्वागत आणि आभार यांतच दहा मिनिटे सरतात, कुठे अजिंठ्याचा सारा इतिहास तिथेच सांगून होतो, तर कुठे सूचनांची अशी सरबत्ती होते की त्यांतली एकही ध्यानात राहत नाही. वस्तुतः या भाषणाचे काम अगदी मर्यादित असते. एकमेकांना फारसे न ओळखणारी चाळीस माणसे पुढचे तीन दिवस एका घड्याळावर चालणार असतात. ते घड्याळ कोणते आणि ते चुकले तर कोणाचे काय बुडते, एवढे त्यांना निघण्यापूर्वी समजले पाहिजे.

त्या पहाटे संयोजिका जे बोलल्या, ते असे :

‘नमस्कार मंडळी. पाच मिनिटे घेते. आज दिवसभरात लागेल तेवढेच सांगते, उद्याचे उद्या.

सहा वाजता आपण निघू. साडेसातच्या पुढे वाघोलीत वाहने तुंबतात, म्हणून ही वेळ. पहिला थांबा सव्वाआठला सुप्याच्या आसपास, नाश्त्यासाठी. दुसरा साडेदहाच्या सुमारास नेवासे फाट्याजवळ, चहासाठी. दोन्ही ठिकाणी स्वच्छतागृह आहे, मी आधी विचारून ठेवले आहे. त्यामुळे भगिनींनी कृपा करून पाणी पिणे टाळू नये. मध्येच कुणाला गरज लागली तर मला नुसती खूण करा. कारण सांगायची आवश्यकता नाही.

थांब्यावर मी “अर्धा तास” असे म्हणणार नाही. “आठ पंचेचाळीसला बसायचे” असे म्हणेन. त्या वेळी आपण बसच्या आत, आपल्या जागेवर असायचे. पाच मिनिटांनी बस हलेल. जो शेवटी येईल त्याला सोडून आम्ही जाणार नाही, घाबरू नका. मात्र पुढच्या थांब्यावर त्याने सर्वांत शेवटी उतरायचे. हे मलाही लागू आहे.

प्रत्येकाला एक क्रमांक दिला आहे, तो तिकिटावर आहे. बस सुटण्यापूर्वी प्रत्येक वेळी आपण एकापासून एक्केचाळीसपर्यंत आपापला क्रमांक मोठ्याने म्हणायचा. शेजाऱ्याचा क्रमांक आपण म्हणायचा नाही, तो खाली चहा पीत उभा दिसत असला तरीही.

औषधे, चष्मा आणि पाण्याची बाटली हातातल्या पिशवीत हवी. डिकीत राहिली असतील तर आत्ताच सांगा, आत्ताच काढू. रस्त्यात डिकी उघडायला लावू नका.

आता सर्वांनी एकदा मागे वळून बघा. मागच्या उजव्या बाजूला लाल अक्षरांत लिहिले आहे ते संकटकालीन दार. बाजूला काच फोडायचा हातोडा आहे. तिथे बसलेल्या दोघांनी त्या दारासमोर पिशव्या ठेवायच्या नाहीत.

पुढच्या दोन रांगा गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणि गाडी लागणाऱ्यांसाठी राखलेल्या आहेत. बाकीच्या जागा रोज बदलतील, यादी उद्या सकाळी लावू. मोबाइलवर गाणी वा बातम्या ऐकायच्या तर कानाला लावून ऐका. चालकदादांशी वेग, रस्ता, थांबा याबद्दल बोलायचे ते फक्त मी. आपल्याला काही सांगायचे तर मला सांगा. हे आपले चालकदादा. तीन दिवस आपण यांच्या हातात आहोत.

काही राहिले का? नसेल तर, एक!’

आणि पहिल्या रांगेतून आवाज येतो, ‘दोन!’

घड्याळाचे दोन काटे

वरवर पाहता या भाषणात विशेष असे काही नाही. पण त्यातील जवळपास प्रत्येक वाक्यामागे कधीतरी झालेली एखादी फजिती आहे. वेळेचेच पाहा. ‘अर्धा तास थांबू’ असे सांगितले की प्रत्येक जण तो अर्धा तास स्वतःच्या सोयीने मोजू लागतो. बस थांबल्यापासून कोणी मोजतो, स्वतः उतरल्यापासून कोणी, तर चहाचा पेला हातात आल्यापासून कोणी. मागच्या रांगेतील माणूस बसमधून खाली येईपर्यंतच पाच-सहा मिनिटे गेलेली असतात. ‘आठ पंचेचाळीस’ म्हटले की हा वाद मिटतो. शिवाय ‘निघायची वेळ’ आणि ‘बसायची वेळ’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पावणेनऊला निघायचे असे सांगितले तर पावणेनऊला लोक बसच्या दिशेने चालू लागतात. जागेवर बसायची वेळ सांगितली की मोजणीसाठी पाच मिनिटे हाती राहतात.

उशीर करणाऱ्याचे काय करायचे, हा प्रत्येक संयोजकाला छळणारा प्रश्न. ‘दहा मिनिटे थांबू आणि निघून जाऊ’ अशी गर्जना करणारे पुष्कळ असतात. सत्तरीच्या आजोबांना नेवासे फाट्यावर टाकून जाण्याची हिंमत मात्र त्यांतल्या एकालाही होत नाही. पहिल्याच थांब्यावर ही धमकी पोकळ ठरते आणि मग तिच्यासोबत बाकीच्या नियमांचीही किंमत उतरते. म्हणून जे करणार नाही ते बोलायचे नाही, असे या संयोजिकांचे धोरण आहे. शेवटी उतरण्याची शिक्षा म्हणाल तर किरकोळ, पण अमलात येणारी आहे. दोन तासांच्या प्रवासानंतर चहाच्या टपरीकडे सर्वांच्या मागून जावे लागणे कोणालाही आवडत नाही. आणि नियम संयोजकालाही लागू असल्याने त्यात अपमान वाटत नाही.

वेळेचा हिशेब एवढा काटेकोर का, याचे उत्तर रविवारच्या कार्यक्रमात दडलेले असते. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. सकाळी नऊला लेणी उघडतात. पण आपली बस लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळ टी-पॉइंटला, लेण्यांच्या सुमारे चार किलोमीटर अलीकडे, खासगी वाहने थांबवतात आणि पुढे एसटीच्या बसने जावे लागते. साडेसहाला हॉटेल सोडले तर नऊच्या सुमारास टी-पॉइंट गाठता येतो आणि पहिल्या-दुसऱ्या बसमध्ये जागा मिळते. रविवारी दहानंतर तिथे रांगा लागतात. त्यातून पहिल्या क्रमांकाचे लेणे, ज्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र पाहण्यासाठी लोक दुरून येतात, ते प्रवेशाच्या बाजूलाच आहे. साहजिकच प्रत्येक जथा आधी तिथेच शिरतो. चित्रांच्या लेण्यांमध्ये एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. सकाळी लवकर पोहोचलेल्याला तिथे शांतपणे उभे राहता येते, तर उशिरा आलेल्याला आधी बाहेर रांगेत तिष्ठावे लागते आणि आत गेल्यावर मागच्यांचा रेटा सोसावा लागतो. हॉटेलमध्ये एकाने वीस मिनिटे उशीर केला तर एक्केचाळीस जणांच्या वाट्याचे ते शांत लेणे हातचे जाते.

वारांचा हिशेबही याच जातीचा. अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी. या सहलीत रविवार आणि सोमवार यांची अदलाबदल झाली असती तर मंडळी शंभर किलोमीटर जाऊन बंद फाटकासमोर उभी राहिली असती. असे प्रसंग घडतात, कारण ‘दोन्ही लेणी एकाच खात्याची, सुट्टीही एकच असणार’ असे अनेकजण गृहीत धरतात.

डोकी मोजण्याची पद्धत

क्रमांक म्हणण्याचा प्रकार काहींना शाळकरी वाटतो. त्या पहाटेही पाचव्या रांगेतून ‘आम्ही काय पोरं आहोत?’ असा सूर उमटला. त्यामागची गोष्ट संयोजिका सहसा भाषणात सांगत नाहीत, विचारले तर सांगतात. काही वर्षांपूर्वीच्या एका सहलीत त्या स्वतः मधल्या वाटेने मागपर्यंत जाऊन डोकी मोजत असत. एका ठिकाणी मोजणी बरोबर भरली, बस सुटली आणि चार किलोमीटरवर एका बाईंच्या लक्षात आले की आपले यजमान बसमध्ये नाहीत. आकडा बरोबर आला होता, कारण पुढच्या फाट्यावर उतरण्यासाठी एक वाटाड्या मागच्या आसनावर बसला होता आणि मोजणीत तोही धरला गेला होता. यजमान मधुमेही, गोळ्या पत्नीच्या पर्समध्ये, आणि त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपलेली. बस वळवून आणेपर्यंत जी पाऊण तासाची घालमेल झाली, तिच्यानंतर डोकी मोजणे बंद झाले.

डोकी मोजल्याने किती माणसे आहेत ते कळते, कोण नाही ते कळत नाही. शिवाय मोजणी चालू असताना माणसे जागा बदलतात, खाली वाकून चप्पल शोधतात, वरच्या फळीवरून पिशवी काढायला उठतात. ‘आपला शेजारी आहे ना ते पाहा’ ही जोडीची पद्धतही सोपी वाटते, पण तिच्यातही मोठी फट आहे. नवरा-बायको किंवा दोन मैत्रिणी एकत्रच मागे राहिल्या तर त्यांच्याबद्दल बोलायला कोणीच नसते. क्रमांक पुकारताना मात्र सव्वीसनंतर शांतता पसरली की सत्तावीस कोण ते यादीत पाहून तत्काळ सांगता येते. एक्केचाळीस क्रमांक म्हणायला अर्धे-पाऊण मिनिट लागते. त्यात अडचण एकच येते, ती प्रेमळ शेजाऱ्यांची. ‘येतोय तो, मी बघितलंय’ असे म्हणून दुसऱ्याचा क्रमांकही म्हणून टाकणारा प्रत्येक सहलीत असतोच. भाषणातील ते चहा पिणाऱ्या शेजाऱ्याचे वाक्य त्याच्यासाठी असते.

या क्रमांकांचा आणखी एक उपयोग अजिंठ्याला होतो. एक्केचाळीस माणसे टी-पॉइंटहून एकाच बसमध्ये मावतीलच असे नाही आणि चित्रांच्या लेण्यात ती एकदम आत जाऊही शकत नाहीत. म्हणून एक ते दहा, अकरा ते वीस असे चार गट आधीच ठरलेले असतात. प्रत्येक गटाचा एक प्रमुख असतो आणि एक्केचाळीसावा क्रमांक स्वतः संयोजिकांचा. पण हे शनिवारी पहाटे सांगितलेले नव्हते. ते रविवारी सकाळी, टी-पॉइंट यायला थोडा अवधी असताना एका थांब्यावर सांगितले गेले. सत्तावीस तासांनी उपयोगी पडणारी सूचना आधी दिली तर ती विसरली जाते. एवढेच नव्हे, तर आजच्या सूचनेलाही ती गिळून टाकते.

चालकाशी कोणी बोलायचे

भाषणातील सर्वांत नाजूक वाक्य चालकाबद्दलचे. सहलीच्या बसमध्ये चालकाला सल्ला देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असा आपल्याकडे समज असतो. एकाला पुढे जाणाऱ्या गाडीला मागे टाकायचे असते, दुसऱ्याला ‘जरा हळू’ हवे असते, तिसऱ्याला डावीकडचा ‘आमच्या माहितीतला’ रस्ता घ्यायचा असतो. तिघांचेही ऐकणारा चालक रस्त्याकडे कधी पाहणार? म्हणून बोलणारा एकच. यात चालकाची सोय आहे तशीच प्रवाशाचीही. ज्याला वेगाची भीती वाटते, त्याला थेट चालकाशी हुज्जत न घालता ती सांगण्याची एक जागा मिळते. आणि अशी तक्रार आली की संयोजकाने ती पुढे पोहोचवलीच पाहिजे. नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे चालकाकडे वळतात.

कार्यक्रमाची आखणीही चालकाच्या तासांवर बांधलेली असते. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये प्रौढ कामगाराचे काम सामान्यतः दिवसाला आठ तासांचे ठरवले होते. लांब पल्ल्याच्या फेऱ्यांसारख्या प्रसंगी ते दहा तासांपर्यंत जाऊ शकत असे. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे आणि मधल्या विश्रांतीसह दिवसाचा एकूण पसारा सामान्यतः बारा तासांच्या आत ठेवावा लागे. रविवारी साडेसहाला निघून सहाच्या आत हॉटेलवर परत, सोमवारी साडेसातला निघून वेरूळ पाहून सातच्या सुमारास पुण्यात, हे वेळापत्रक त्या मर्यादेत बसते. हीच सहल दोन दिवसांत उरकायचे ठरवले असते तर रविवारी अजिंठ्याहून थेट पुणे गाठावे लागले असते. म्हणजे पहाटे उठलेला माणूस मध्यरात्री घाटरस्त्यावर चक्राशी बसलेला. ‘एक दिवस वाचेल’ असे सुचवणारे सदस्य दर वर्षी भेटतात. त्यांना संयोजिका हा हिशेब कागदावर मांडून दाखवतात.

संकटकालीन दार दाखवणे आता आता सुरू झाले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. बस दाराच्या अंगावर उलटल्याने दारातून बाहेर पडणे अशक्य झाले होते. जे वाचले, त्यांतील काही जण खिडकीची काच फोडून निसटले होते. त्यानंतर ‘मागे वळून बघा’ हे वाक्य या भाषणात आले. नुसते ‘मागे दार आहे’ असे सांगितले तर कोणी मान वळवत नाही. वळायला लावले की निदान ती लाल अक्षरे एकदा डोळ्यांखालून जातात. बस ठरवताना हे दार आतून उघडते का, हातोडा जागेवर आहे का, हे आदल्या दिवशी पाहून घेणे हा त्याचाच भाग. हातोडा नुसता नावाला असतो वा कोणीतरी काढून नेलेला असतो, असा अनुभव आहे. जे जागेवर नाही ते प्रवाशांना दाखवता येत नाही.

कारण सांगितले की नियम पटतो

शिष्टाचाराच्या सूचनांना उपदेशाचा वास लवकर लागतो. साठी उलटलेल्या, हयातभर हुद्द्यांवर काम केलेल्या मंडळींना ‘शांतता राखा, शिस्त पाळा’ असे ऐकवले की चेहरे आक्रसतात. त्यावर उपाय म्हणजे कारण जोडणे. अजिंठ्याच्या आदल्या रात्री जेवणानंतर संयोजिका पुन्हा पाच मिनिटे बोलल्या, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, हे नुसते न सांगता त्यांनी सांगितले की अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्या गिलाव्यात भाताचे तूस आणि गवतासारख्या गोष्टी मिसळलेल्या असून वर चुन्याचा पातळ थर आहे. पायांनी उडालेली धूळ अशा पृष्ठभागावर बसली की ती पुसून काढता येत नाही, कारण पुसताना रंगही सुटतो. म्हणून उद्या बंदांचे बूट नकोत, चटकन निघतील अशा चपला घाला. मोजे असू द्या, फरशी थंड असते.

फ्लॅशचेही तसेच. ‘माझ्या एका फोटोने काय बिघडणार’ असे प्रत्येकाला वाटते आणि एका फोटोपुरते ते फारसे खोटेही नाही. पण प्रकाशाने होणारी झीज साठत जाते, ती भरून येत नाही. दिवसभर येणाऱ्या हजारो माणसांनी तसाच विचार केला तर काय होईल, एवढा प्रश्न त्यांनी विचारला आणि सोडून दिला. मोबाइलच्या विजेरीबद्दल मात्र त्या आग्रही होत्या. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावण्यास काही मिनिटे लागतात. तोवर भिंत काळीच दिसते, मग हळूहळू आकृत्या उमलू लागतात. अशा वेळी एकाने जरी विजेरी लावली तर सगळ्या गटाचे सरावलेले डोळे पुन्हा आंधळे होतात. तेव्हा आत गेल्यावर आधी दोन-तीन मिनिटे काही न करता उभे राहायचे, एवढेच त्यांचे सांगणे होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या लेण्यात दहा-दहाचे गट तसे उभे राहिले, तेव्हा दुसऱ्या एका जथ्यातील लोकही त्यांचे पाहून थबकले.

बसमधील शिष्टाचारात सर्वांत जास्त कटुता जागांवरून येते. पुढची जागा पहिल्या दिवशी ज्याने पकडली, ती तीन दिवस त्याची, असा अलिखित कायदा अनेक सहलींत चालतो आणि परतीच्या प्रवासात मागच्या रांगा रुसलेल्या असतात. रोज जागा बदलण्याची यादी आधीच जाहीर केली की कोणाला मागावे लागत नाही आणि कोणाला नाही म्हणावे लागत नाही. गुडघ्यांच्या आणि गाडी लागणाऱ्यांच्या रांगा मात्र त्यातून वगळाव्या लागतात. मागच्या चाकांवरच्या आणि त्यामागच्या रांगांत हादरे जास्त बसतात, हे अनुभवी प्रवासी जाणतात.

आणि ते स्वच्छतागृहाचे वाक्य. पुरुष संयोजक असले की हा विषय बहुधा ‘वाटेत थांबूच’ एवढ्यावर सोडला जातो. परिणामी अनेक स्त्रिया निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात, सहा-सहा तास कळ काढतात आणि दुपारपर्यंत डोकेदुखीने बेजार होतात. हे त्या कोणाला सांगत नाहीत. ‘गाडी लागली’ असे म्हणून डोळे मिटून पडून राहतात. थांब्याची वेळ आणि तिथे सोय असल्याची खात्री ही दोन वाक्ये सर्वांसमोर, सहजपणे म्हटली गेली की संकोचाचे ओझे उतरते. अजिंठ्याला तर चढण सुरू होण्यापूर्वीच ही आठवण करून द्यावी लागते. लेण्यांच्या अर्धवर्तुळाकार वाटेवर बरेच पुढे गेल्यावर मागे फिरणे त्रासाचे होते. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांच्यासाठी तिथे डोलीवाले असतात. त्यांचे दर आधी ठरवून घ्यावेत आणि उतरताना घासाघीस करू नये, हेही त्याच वेळी सांगितले गेले.

या साऱ्यात भाषण करूनही न सुटणारी एक गोष्ट राहते. जो उशिरा येतो तो भाषणही ऐकत नाही. म्हणून जमण्याची वेळ साडेपाचची सांगितलेली असते आणि बोलणे पहिल्या मोजणीच्या लगेच आधी होते. तरीही कोणी मागाहून चढलाच, तर त्याच्या शेजाऱ्यावर त्याला चार गोष्टी सांगण्याची जबाबदारी टाकली जाते. चालत्या बसमध्ये तेच भाषण पुन्हा केले जात नाही. इंजिनच्या आवाजात मागच्या रांगांना शब्द ऐकू जात नाहीत आणि वळणावर पाठमोरे उभे राहून बोलणारा माणूस सर्वांत आधी पडतो.

रविवारी दुपारी टी-पॉइंटला बसायची वेळ पावणेतीनची होती. क्रमांक सुरू झाले आणि सव्वीसनंतर थांबले. सत्तावीस क्रमांकाचे गृहस्थ तिथल्या दुकानांत नातवासाठी दगडी हत्ती निवडत होते. फोन गेला, ते धापा टाकत आले तेव्हा सात मिनिटे झाली होती. कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी हॉटेलसमोर बस थांबली, सगळे उतरले, आणि सत्तावीस क्रमांकाचे गृहस्थ मांडीवर हत्तीची पिशवी घेऊन आपल्या जागेवर बसून राहिले. एक्केचाळीस क्रमांक दाराशी उभा होता. ‘चला आता, तुमच्यामागे मीच राहिले आहे,’ असे संयोजिका म्हणाल्या, तेव्हा ते उठले.